तारीखमावशींचा बायोडेटा

तारीखमावशींना माणसांची नावं लक्षात राहत नसत, तारखा राहत. "आज बाजारात अकरा तारीख भेटली होती," असं त्या घरी येऊन सांगायच्या आणि अकरा तारीख म्हणजे कोपऱ्यावरचा शिंपी, हे त्यांच्या नवऱ्याला बरोबर कळायचं. शिंप्याच्या विम्याचा हप्ता अकराला, चष्मेवाल्याचा अठराला, शाळेतल्या मोठ्या बाईंचा सव्वीसला. चोवीस वर्षं घरोघर विमा विकल्यावर माणसाचं असंच होतं. समोरून मावशी येताना दिसल्या की लोक आधी मनातल्या मनात आजची तारीख आठवायचे, आपली नाही याची खात्री करून घ्यायचे आणि मग मोकळेपणाने हसायचे. हे टोपणनाव त्यांना कुणी दिलं ते माहीत नाही, पण ते त्यांना इतकं चिकटलं होतं की कुरिअरवालासुद्धा त्याच नावाने घर विचारत यायचा.

या मावशींचे गुडघे गेले. जिने चढून चढून गेले. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि सांगितलं, "आता जिने बंद." मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचाच हप्ता चार तारखेला आहे, आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता." डॉक्टर म्हणाले, "मी खाली येईन." पण चारशे अठरा घरं काही खाली येणार नव्हती.

जिने बंद म्हणजे काम बंद, आणि काम बंद म्हणजे घरी बसणं. घरी बसायला मावशींची तशी हरकत नव्हती, पण तिथे आधीच एक माणूस बसलेला होता. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून न बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करत होते. घरातलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी इतक्या वेळा उघडलं होतं की ते आता फक्त त्यांचा मान राखायला चालत होतं. दिवसभर स्क्रू मोजत बसणाऱ्या माणसासमोर उरलेलं आयुष्य काढायचं या कल्पनेनेच मावशी रोज नोकरीच्या जाहिराती चाळायला लागल्या.

अशात एक जाहिरात आली. एका नव्या विमा कंपनीला नवीन सल्लागारांना शिकवणारं माणूस हवं होतं. पगारी नोकरी, बसून काम, इमारतीला लिफ्ट. मावशींनी जाहिरातीतल्या लिफ्टच्या खाली दोनदा रेघ मारली. अट एकच होती. ग्राहक किती, पॉलिसी किती, त्यातल्या चालू किती राहिल्या, ओळखीतून किती आल्या आणि दावे किती हाताळले, हे सगळं लिहून बायोडेटा पाठवायचा.

रविवारी सकाळी भाची लॅपटॉप घेऊन आली. ती कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या ऑफिसात नोकरीला होती. दिवसाला साठ-सत्तर बायोडेटा तिच्या नजरेखालून जात. मावशींनी तिच्यासाठी चार पानं आधीच हाताने लिहून ठेवली होती. भाचीने पहिलं पान वाचायला घेतलं आणि वाचता वाचता चहाचा कप खाली ठेवला.

"उंची, वजन... गेल्या वर्षभरात दोन किलोने वाढलं. पित्ताशयाचं ऑपरेशन, साल, दवाखाना. वडिलांना रक्तदाब, वयाच्या बहात्तराव्या वर्षी निधन. तंबाखू नाही, दारू नाही. मावशी, हा बायोडेटा आहे की विम्याचा अर्ज?"

"माहिती पूर्ण हवी ना."

"नोकरीला पित्ताशय कशाला लागतं?"

"उद्या त्यांना कळलं तर म्हणतील, लपवलं."

भाचीने कपाळाला हात लावला. पण मावशींचंही बरोबर होतं, त्यांच्या जागी. गेली कित्येक वर्षं त्यांनी एकच धोशा लावला होता: अर्जात काही लपवू नका, सगळं लिहा. लोक वैतागायचे. आजोबा कशाने गेले हे आठवायला गावाकडे फोन लावायचे. दुसरे एजंट "इथे सही करा" म्हणून दहा मिनिटांत मोकळे व्हायचे आणि मावशींचा एक अर्ज दोन बैठका खायचा.

पहिलं पान असं गेलं. दुसऱ्या पानावर ग्राहकांची यादी होती: नाव, वय, वारस कोण, आणि शेवटच्या रकान्यात 'साखर', 'दमा', 'अँजिओप्लास्टी'.

भाचीचा आवाज बदलला. "हे तर अजिबात नाही पाठवायचं. लोकांनी तुला विश्वासाने सांगितलंय. परक्या कंपनीला त्यांचे आजार द्यायचे?"

मावशी एकदम गोऱ्यामोऱ्या झाल्या. रस्त्यात कुणी विचारलं असतं तर त्यांनी कुणाच्या साध्या सर्दीचाही पत्ता लागू दिला नसता, आणि इथे सबंध वस्ती कागदावर मांडून ठेवली होती. त्यांनी ते पान स्वतः घेतलं, बारीक फाडलं आणि वर पुन्हा तुकडे मोजून पाहिले. "फक्त आकडे घाल," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या पानावर नुसते रिकामे रकाने होते; त्यांतल्या आकड्यांसाठी कपाटातून चोवीस डायऱ्या निघाल्या. भाचीने विचारायचं, मावशींनी पानं उलटायची आणि यजमानांनी कॅल्क्युलेटर चालवायचा, अशी वाटणी झाली. यजमानांना दोन वर्षांत प्रथमच खरं काम मिळालं होतं. ते प्रत्येक बेरीज दोनदा करत होते. कुटुंबं चारशे अठरा. पॉलिसी अकराशे त्रेसष्ट. वर्ष उलटल्यावरही हप्ते चालू असलेल्या शंभरात त्र्याण्णव. पाच वर्षांनीही चालू असलेल्या शंभरात अठ्ठ्याहत्तर.

"हे भारी आहे," भाची म्हणाली. "एवढं कुणाचं नसतं. लोक पहिल्या वर्षी घेतात आणि सोडून देतात."

"झेपेल एवढीच द्यायची," मावशी म्हणाल्या. "मोठी दिली की एजंट खूश, आणि पुढच्या वर्षी माणूस तोंड चुकवतो."

त्यानंतर ओळखीचा रकाना. मावशींच्या प्रत्येक डायरीत नव्या माणसाच्या नावापुढे 'कोणी पाठवलं' लिहिलेलं असे. ते मोजताना गंमत वाटत होती. चारशे अठरापैकी दोनशे एक्क्याण्णव घरं कुणी ना कुणी पाठवलेली निघाली. कुणाला शिंप्याने पाठवलं, कुणाला चष्मेवाल्याने, एकाला तर चक्क विहिणीने, भांडण चालू असताना. पण एक नाव सारखं यायला लागलं, तेव्हा भाचीने वेगळ्या रेघा ओढायला सुरुवात केली. इस्त्रीवाल्या वहिनी. पुन्हा इस्त्रीवाल्या वहिनी. शेवटी रेघा मोजल्या तर चौसष्ट भरल्या.

"चौसष्ट? या बाई कोण?"

मावशी डायरी चाळत राहिल्या. यजमानांनी कॅल्क्युलेटर बंद केला. त्यांना माहीत होतं.

"चौथं पान वाच," मावशी म्हणाल्या.

चौथ्या पानावर फक्त तीन ओळी होत्या. दावे अठ्ठावन्न. मंजूर सत्तावन्न. नामंजूर एक, चूक माझी.

मावशींनी सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांची नजर खिडकीकडे होती. एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वहिनींचा नवरा गाड्यांना रंग द्यायचा, मावशी त्याला दादा म्हणायच्या. महिनाअखेर होती आणि मावशींना ठरवून दिलेल्या आकड्याला एक पॉलिसी कमी पडत होती. दादा म्हणाले, "साखर आहे थोडी, गोळी घेतो." 'हो' लिहिलं असतं तर तपासण्या आल्या असत्या, पंधरा दिवस गेले असते. मावशी म्हणाल्या, "थोडीच आहे ना? मग 'नाही' लिहू." चौदा महिन्यांनी दादा गेले. कंपनीने दवाखान्याचे कागद मागवले, त्यात साखर सापडली, दावा फेटाळला. मावशींनी कंपनीला लेखी कळवलं की त्यांनी मला सांगितलं होतं, मीच लिहिलं नाही. कंपनीने मावशींना ताकीद दिली. वहिनींना भरलेले हप्ते तेवढे परत मिळाले. मग वहिनींनी इस्त्रीचं दुकान टाकलं.

भाचीच्या अंगात तिचं ऑफिस आलं. "मावशी, ही ओळ काढू. कुणी विचारलेलं नाही. 'सत्तावन्न दावे मंजूर करून दिले' एवढंच लिहू. खोटंही नाही त्यात."

"दावे किती हाताळले विचारलंय ना? अठ्ठावन्न हाताळले."

"ही ओळ ठेवलीस तर ते मुलाखतीलाही बोलावणार नाहीत. मग काय करशील?"

मावशींनी यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी कॅल्क्युलेटरच्या मागचं झाकण उघडलं होतं.

"ठेव," मावशी म्हणाल्या. पण आवाजात तेवढा जोर नव्हता.

भाचीने मान हलवली. "बरं. पण मग वहिनींना विचारावं लागेल. मगाशीच म्हणाले ना, दुसऱ्याची गोष्ट विचारल्याशिवाय द्यायची नाही. ही गोष्ट तुझ्याइतकीच त्यांची आहे."

आता मात्र मावशी कचाट्यात सापडल्या. दुकान निघाल्यापासून त्या वहिनींकडे कपडे टाकत होत्या. वहिनी माणसं पाठवत होत्या, मावशी आभार मानत होत्या, हवापाण्याच्या गप्पा होत होत्या. पण तो विषय दोघींनी कधी काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मावशी एक पिशवी कपडे घेऊन निघाल्या. त्यातले अर्धे आधीच इस्त्री केलेले होते. वहिनींचं दुकान म्हणजे एक टेबल, एक भलीमोठी इस्त्री आणि भिंतीला लागून घड्यांची चळत. वहिनी शर्टाची कॉलर दाबत होत्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या, गिऱ्हाईकाचं नाव कधी न विसरणाऱ्या बाई.

"ताई, हे तर परवाच नेलं होतं," त्या पिशवीत डोकावून म्हणाल्या.

"चुरगळलं."

"घडी तर माझीच आहे."

मावशींनी स्टूल ओढलं. नोकरीचं सांगितलं, लिफ्टचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं. नव्या नोकरीबद्दल इतकं सांगितलं की वहिनींचे दोन शर्ट आणि एक पँट झाली. शेवटी त्यांनी कागद काढला आणि ती ओळ दाखवली. "तुमचं नाव नाही घातलेलं. पण गोष्ट तुमची आहे. तुम्ही नको म्हणालात तर काढते."

वहिनींनी इस्त्री उभी केली. कागद हातात घेतला, ओळ वाचली, आणि बराच वेळ वाचत राहिल्या, जणू ती एक ओळ नव्हती, तीन पानं होती.

"तेव्हा तुम्ही माझ्या दारात येऊन म्हणालात, चूक माझी," त्या म्हणाल्या. "खूप राग आला होता मला. वर्षभर होता. तुम्ही यायच्या तेव्हा मी आत जाऊन बसायचे. मग एकदा शेजारची म्हणाली, ती विमेवाली फार छळते, आजोबा कशाने गेले तेसुद्धा विचारते. मला हसूच आलं. म्हटलं, हिला ती चूक आता पक्की लागलीय. म्हणून पाठवायला लागले."

"चौसष्ट झाले."

"एवढे? मी मोजले नाहीत." वहिनींनी कागद परत दिला. "लिहा. आणि खाली माझा फोन नंबर घाला. त्यांना विचारायचं असेल तर मलाच विचारू दे."

मावशींनी कपडे परत पिशवीत भरले. वहिनींनी ते पुन्हा बाहेर काढले. "राहू द्या, आता आणलेच आहेत तर. उद्या पाठवते."

बायोडेटा गेला. एकच पान. भाचीने तो इतका नेटका केला होता की मावशींना तो दुसऱ्याच कुणाचा वाटला, शेवटची ओळ सोडून. भाची रोज फोन करून विचारायची आणि मावशी रोज सांगायच्या, "नाही आलं काही." नवव्या दिवशी बोलावणं आलं.

मुलाखत घेणारे साहेब प्रशिक्षण विभागाचे प्रमुख होते. चष्मा डोक्यावर ठेवून तोच टेबलावर शोधणारा गृहस्थ. मावशी लिफ्टने सहाव्या मजल्यावर गेल्या, खाली आल्या, आणि पुन्हा वर गेल्या. त्यांना खात्री करून घ्यायची होती. साहेबांनी सगळे आकडे विचारले. अठ्ठ्याहत्तर टक्के कसे, ओळखीतून इतके कसे. मग बोट खाली आलं.

"मॅडम, हे का लिहिलंत? आज सकाळपासून मी सहा बायोडेटा वाचले. एकाचाही दावा आजवर फेटाळला गेलेला नाही. सगळे शंभर टक्के."

"मग ते सगळे फार नशीबवान आहेत," मावशी म्हणाल्या.

साहेब हसले, पण प्रश्न सोडला नाही. तेव्हा मावशींनी दादांची गोष्ट सांगितली. महिनाअखेरीसकट, आणि 'थोडीच आहे ना' हे स्वतःचे शब्दसुद्धा जसेच्या तसे. बोलता बोलता त्या टेबलावरचं पाणी प्यायल्या. ते साहेबांचं होतं.

"नव्या मुलांना पहिल्या दिवशी काय शिकवाल?"

"पेन खाली ठेवायला. आधी विचारायचं, पूर्ण ऐकायचं, मग उचलायचं. पेन हातात असलं की माणूस घाईत 'नाही' लिहून जातो."

साहेबांनी काहीतरी टिपलं. मावशींनी पाहिलं, त्यांनी आधी पेन खाली ठेवलं होतं आणि मग उचललं होतं. "कळवतो," ते म्हणाले. हा शब्द मावशींनी चोवीस वर्षांत हजारो वेळा ऐकला होता आणि त्याचा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी यजमानांना सांगितलं, "माझ्यासाठी एखादं घड्याळ ठेवा."

पण आठवड्याभरात पत्र आलं. नोकरी पक्की, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. त्याआधी जुनी एजन्सी सोडावी लागेल आणि नंतर स्वतः पॉलिसी विकता येणार नाहीत. भाची फोनवर इतकी जोरात बोलली की यजमानांना दुसऱ्या खोलीत सगळं कळलं. जुन्या ग्राहकांची व्यवस्था मावशींच्या शाखेतल्या एका शहाण्या मुलीकडे सोपवायचं ठरलं. मावशींनी तिला आधी तारखा पाठ करायला लावल्या.

त्याच संध्याकाळी इस्त्रीचे कपडे घेऊन वहिनी स्वतः आल्या. एरवी त्या येत नसत. मावशींनी त्यांना बसवलं, चहा दिला, पत्र दाखवलं.

"माहीत आहे. मला फोन आला होता त्यांचा," वहिनी म्हणाल्या. "तीन गोष्टी विचारल्या. लिहिलंय ते खरं का? म्हटलं, खरं. मग म्हणाले, तरी तुम्ही लोकांना त्यांच्याकडे पाठवता? म्हटलं, म्हणूनच पाठवते."

"आणि तिसरी?"

"म्हणाले, तुम्ही स्वतः त्यांच्याकडून विमा घेतलाय का?" वहिनींनी कप बशीत ठेवला. "म्हटलं, नाही. मग मी सांगितलं, त्यांनी मला कधी विचारलंच नाही."

मावशींनी हातातली बशी खाली ठेवली. "मला तोंड नव्हतं वहिनी. कुठल्या तोंडाने विचारायचं तुम्हाला?"

"चौसष्ट माणसं पाठवली. दरवेळी वाटायचं, आता मला पण विचारतील." वहिनी हे हसतच म्हणाल्या, पण डोळे भरले होते. मावशींचे तर वाहायलाच लागले. यजमान दारात आले होते ते पाय न वाजवता परत गेले.

मावशी उठल्या. गुडघे कुरकुरले, पण त्या उठल्या, कपाटातून कोरा अर्ज आणला, चष्मा लावला आणि पेन टेबलावर ठेवलं.

"वजन?"

"खरं सांगायचं?"

"खरं."

वहिनींनी सांगितलं आणि वर म्हणाल्या, "मोठ्याने वाचू नका." आई कशाने गेली, वडील कशाने, ऑपरेशन कुठलं, सगळं झालं. मग तो प्रश्न आला. मावशींनी तो छापील होता तसाच वाचला, कारण स्वतःच्या शब्दांत विचारायचं त्यांना धाडस नव्हतं. "मधुमेह आहे का?"

"आहे. तीन वर्षं झाली. सकाळ-संध्याकाळ गोळी."

"मग तपासण्या होतील. हप्ता जास्त बसेल. नाकारतीलसुद्धा कदाचित."

"लिहा."

मावशींनी पेन उचललं आणि 'हो' लिहिलं. चौकटीत मावेना एवढं मोठं. वहिनींच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं आणि नाव एकेक अक्षर करून उतरवलं. शेवटी एजंटने भरायचा भाग होता: अर्जदाराला किती वर्षांपासून ओळखता. तिथे त्यांनी वीस लिहिलं आणि चोवीस वर्षांतला आपला शेवटचा अर्ज सहीसाठी पुढे सरकवला. वहिनींनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मग सही केली.

तपासण्या झाल्या, हप्ता थोडा जास्त बसला, पण पॉलिसी आली. तोवर मावशींची नवी नोकरी सुरू झाली होती. एका संध्याकाळी त्या सहाव्या मजल्यावरून लिफ्टने खाली उतरून घरी आल्या आणि चप्पल काढता काढता म्हणाल्या, "आज वाटेत बावीस तारीख भेटली होती."

यजमानांनी घड्याळातून डोकं वर काढलं. बावीस तारीख त्यांच्या ओळखीची नव्हती.

"कोण?"

"इस्त्रीवाल्या वहिनी," मावशी म्हणाल्या, आणि कपडे घडी करून ठेवायला आत गेल्या.